दहा जणांची बारा मिनिटं

फळ्यावर विषय लिहिला होता: ‘महिलांना सार्वजनिक बसप्रवास मोफत असावा का?’ दहा मुलं-मुली अर्धवर्तुळात बसली होती आणि प्रत्येकाच्या खिशाला एक ते दहा असा क्रमांक टाचलेला होता. विचार करायला दोन मिनिटं, चर्चेला बारा. घड्याळ लावलं आणि सगळ्यांनी पेनं उचलली.

मी सांगली भागातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. कॅम्पस प्लेसमेंट सुरू होण्याआधीचे काही आठवडे आम्ही संध्याकाळी मुलांकडून ग्रुप डिस्कशनचा, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘जीडी’चा, सराव करून घेतो. कंपन्यांची खरी फेरीही साधारण अशीच असते. आठ ते बारा उमेदवार, दहा ते पंधरा मिनिटं, आणि बाजूला बसलेले दोन परीक्षक. त्यांच्या हातातल्या कागदावर प्रत्येक क्रमांकासाठी एक ओळ असते. ते विषय सांगतात, वेळ सांगतात आणि गप्प बसतात. कोणी सुरुवात करायची, कोणी कोणाला थांबवायचं, हे सगळं उमेदवारांनीच ठरवायचं असतं, आणि तेच त्यांना बघायचं असतं.

बारा मिनिटांचा हिशेब आधी करून घेऊ. 720 सेकंद, दहा माणसं, प्रत्येकाला 72. त्यातून दोघं एकदम बोलले तो वेळ आणि कोणीच बोललं नाही तो वेळ वजा केला, तर हातात साठ सेकंद उरतात. म्हणजे वीस-वीस सेकंदांच्या तीन पाळ्या. वीस सेकंदांत तीन-चार वाक्यं होतात. वक्तृत्व स्पर्धा गाजवलेली मुलं इथे अडखळतात ती यामुळेच. त्यांनी मनात दोन मिनिटांचं भाषण जुळवलेलं असतं, आणि तिसऱ्या वाक्यावर कोणीतरी मध्ये बोलतं तेव्हा उरलेल्या भाषणाचं काय करायचं ते त्यांना कळत नाही.

सुरुवातीच्या दोन मिनिटांत बहुतेकांनी कागदावर मधोमध रेघ मारली आणि एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे लिहिले. शाळेतल्या निबंधाची ही सवय. असे दहा कागद एकत्र ठेवले तर त्यांतले सात-आठ मुद्दे सगळ्यांचे सारखेच निघतात. मी मुलांना सांगते, आधी विषयातल्या शब्दांखाली रेघ मारा. ‘महिलांना’ म्हणजे सगळ्या की काही? ‘बस’ म्हणजे शहरातली की गावाला जाणारी? ‘मोफत’ म्हणजे प्रवाशाला मोफत, मग पैसे कोण भरणार? हे झालं की चार प्रश्न लिहा: याचा लाभ कोणाला, पैसे कोणाचे, सुटून कोण जातं, आणि दुसरीकडे कुठे हे केलं आहे का. धोरणाच्या जवळपास कुठल्याही विषयावर हे चार प्रश्न चालतात, आणि त्यांची उत्तरं शोधताना स्वतःचं मत आपोआप तयार होतं.

चौथ्या प्रश्नासाठी मात्र घरून तयारी लागते. याच विषयाचं बघा. दिल्लीने 29 ऑक्टोबर 2019 रोजी महिलांना बसप्रवास मोफत केला आणि त्यासाठी गुलाबी तिकीट काढलं. तमिळनाडूने 2021 मध्ये शहरांतल्या साध्या बसपुरती ही सोय दिली. कर्नाटकाची ‘शक्ती’ योजना 11 जून 2023 रोजी सुरू झाली. ती राज्यातल्या रहिवासी महिलांसाठी आहे आणि वातानुकूलित किंवा आलिशान बसना लागू नाही. आपल्याकडे एसटीने 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास दिला, आणि त्या सवलतीची रक्कम राज्य सरकार एसटीला देतं. या चार गोष्टी पाठ असण्याची गरज नाही. दोन जरी नेमक्या माहीत असतील तरी चर्चेचा नूर बदलतो.

त्या दिवशी घड्याळ लावताच चार क्रमांकाने सुरुवात केली. “गुड मॉर्निंग फ्रेंड्स, टुडेज टॉपिक इज...” इथून तो निघाला. विषय पुन्हा वाचून दाखवला, स्त्री-सक्षमीकरण किती महत्त्वाचं आहे ते सांगितलं, भारत हा विकसनशील देश आहे हेही सांगितलं आणि शेवटी म्हणाला, याला दोन बाजू आहेत. पन्नास सेकंद गेले. तो गप्प झाल्यावर तीन सेकंद कोणीच बोललं नाही, कारण धरायला काही नव्हतंच. मग प्रत्येकाने आपापल्या कागदावरचा पहिला मुद्दा वाचला. दहा माणसं एका खोलीत बसून दहा वेगळी भाषणं करत होती.

सुरुवात करणाऱ्याला जादा गुण मिळतात असा मुलांमध्ये पक्का समज आहे. माझ्या अनुभवात सुरुवात करणारा नजरेत भरतो, एवढंच खरं. तो चांगला बोलला तर चांगला लक्षात राहतो, पोकळ बोलला तर तेही लक्षात राहतं. म्हणून ज्याच्याकडे गटाला देण्यासारखं काही असेल त्यानेच आधी बोलावं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या पाळीत नेमकं बोलणाऱ्याचं काहीही बुडत नाही.

देण्यासारखं म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी दिसलं. तोच विषय, तीच मुलं, फक्त क्रमांक बदलले नाहीत आणि सुरुवात सात क्रमांकाने केली. ती इंग्रजीत जे म्हणाली त्याचा मराठी अर्थ असा: “महाराष्ट्रात एसटीत 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, कर्नाटकात साध्या बसमध्ये पूर्ण मोफत आहे. म्हणजे आपल्यासमोर प्रश्न निम्म्यावरून पूर्ण मोफतवर जावं का, असा आहे. मला वाटतं आधी हे ठरवू की यामागचा हेतू काय: खर्च कमी करणं, की बायकांनी जास्त बाहेर पडावं हे? त्यावर उत्तर बदलेल.” वीस-बावीस सेकंद. तिने बाजू घेतली नाही, भाषण केलं नाही. तिने तीन कामं केली: मोघम विषय हातात मावेल एवढा केला, एक खरी माहिती दिली आणि पुढच्याला उत्तर द्यावंसं वाटेल असा प्रश्न ठेवला. नंतरची चार मिनिटं सगळे तिने विचारलेल्या हेतूवरच बोलत होते. परीक्षकाच्या कागदावर हे उमटतंच.

माहिती आठवत नसेल तर? तर शब्द नेमके करून सुरुवात करता येते: “आपण शहर बसबद्दल बोलतोय की एसटीबद्दल? दोन्हींचे प्रवासी वेगळे आहेत, आधी एक घेऊ.” हेही पुरेसं आहे. टाळायचं ते शब्दकोशातल्या व्याख्या, थोरामोठ्यांची वाक्यं आणि “प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात”. दोघांनी एकदम सुरुवात केली तर आपण थांबावं, हाताने त्याला ‘बोल’ म्हणावं आणि त्याचं नीट ऐकून लगेच दुसरी पाळी घ्यावी. असं थांबल्याने कोणी मागे पडलेलं मी पाहिलेलं नाही.

पाचव्या मिनिटाला पहिल्या दिवशी मासळीबाजार झाला. हा शब्द या फेरीत सर्रास वापरतात. चौघं एकदम बोलत होते, आवाज चढत होते. अशा वेळी आवाजावर आवाज चढवून शिरता येत नाही. हात वर करूनही उपयोग नाही, कारण परवानगी देणारं तिथे कोणी नसतं. बोलणाऱ्याचा श्वास कुठे तुटतो ते बघायचं, किंचित पुढे झुकायचं आणि त्याच्याच शेवटच्या शब्दावर आपलं वाक्य सुरू करायचं. तो ‘तोटा’ म्हणत थांबला तर “तोटा नेमका कोणाचा, हे बघू या” असं. स्वतःचा शब्द ऐकला की माणूस क्षणभर थांबतो, आणि तेवढी फट पुरते. बोलताना गटाकडे बघायचं. परीक्षकांकडे बघून बोलणाऱ्याने गटाला सोडून दिलेलं असतं, आणि ते लगेच कळतं.

आता मतभेद. माझ्या मते या फेरीत सगळ्यांत जास्त मुलं इथे पडतात, आणि दोन्ही बाजूंनी पडतात. काही जण भांडतात. काही जण वाईट दिसेल म्हणून प्रत्येकाला “आय ॲग्री” म्हणत राहतात आणि शेवटी त्यांचं स्वतःचं मत काय होतं ते कोणालाच सांगता येत नाही.

त्या पहिल्या चर्चेत तीन क्रमांक म्हणाला: “प्रवास मोफत केला तर एसटी तोट्यात जाईल आणि मग सेवाच बंद पडेल.” आठ क्रमांक उसळून म्हणाली: “यू आर रॉंग. पैसे सरकार देतं.” तीन म्हणाला, “सरकार म्हणजे आपणच ना?” आणि पुढची दीड मिनिटं दोघंच बोलत होते. आठची माहिती बरोबर होती, तरी ती वाद हरली, कारण तिने माणसाला चूक ठरवलं आणि विधान तसंच राहू दिलं.

तीनचं वाक्य उलगडून बघा. त्यात तीन कड्या आहेत. तिकिटाचे पैसे येणार नाहीत, ही पहिली. म्हणून एसटी तोट्यात जाईल, ही दुसरी. म्हणून गाड्या कमी होतील, ही तिसरी. आठचा आक्षेप फक्त दुसऱ्या कडीला होता. तिने तेवढंच म्हणायला हवं होतं. सराव संपल्यावर आम्ही तिचं वाक्य पुन्हा बांधलं: “तीन क्रमांकाची काळजी अशी आहे की तिकिटाचं उत्पन्न गेलं तर गाड्या कमी होतील. उत्पन्न जाईल हे मान्य. पण आत्ताच्या निम्म्या सवलतीची रक्कम सरकार एसटीला भरून देतं, म्हणजे तोटा होतोच असं नाही. तो होईल तो ही रक्कम उशिरा किंवा कमी आली तर. मग आपण योजनेला विरोध करायचा की रक्कम वेळेवर मिळण्याची अट घालायची?”

इथे क्रम बघा. आधी समोरच्याचं म्हणणं, त्याला स्वतःला पटेल अशा शब्दांत. मग त्यातला मान्य असलेला भाग. मग नेमकी कुठली कडी पटत नाही ती, कारणासह. शेवटी चेंडू परत गटाकडे. यातली पहिली पायरी सगळ्यांत अवघड आहे, कारण त्यासाठी समोरचा बोलत असताना खरोखर ऐकावं लागतं. तो बोलतोय तोवर आपण आपलं पुढचं वाक्य जुळवत असू तर त्याचं म्हणणं आपल्याला सांगताच येत नाही. इंग्रजी लंगडं असलेल्या मुलांना मी दोन-तीन वाक्यांचे सांगाडे देते: “इफ आय अंडरस्टँड यू, युअर वरी इज...”, “आय ॲक्सेप्ट द फर्स्ट पार्ट”, “व्हेअर आय डिफर इज...”. एवढ्याने वाक्य सुरू होतं, आणि एकदा सुरू झालं की पुढचं साध्या इंग्रजीत जमतं. “आय ॲग्री विथ यू, बट” मात्र टाळा. त्यातल्या ‘बट’नंतर आधीचं मान्य करणं कोणीच खरं धरत नाही.

सगळे मतभेद असे कडी शोधून सुटत नाहीत. पाच क्रमांकाने विचारलं, “गरीब पुरुषाने तिकीट का काढायचं? नोकरी करणारी बाई फुकट आणि बिगारी काम करणारा माणूस पैसे देणार, हा न्याय आहे?” यावर तिघांनी त्याला आकडे ऐकवायचा प्रयत्न केला. पण त्याचा प्रश्न माहितीचा नव्हता, न्याय कशाला म्हणायचं याचा होता, आणि तिथे आकडे निष्प्रभ ठरतात. अशा वेळी दोन्ही मूल्यांची नावं घ्यावीत. “पाच क्रमांक गरिबी हा निकष मानतो आहे. मी निकष मानते तो घरात पैसे कोणाच्या हातात असतात हा. कमावत्या घरातल्या बाईलाही तिकिटाचे पैसे मागावे लागत असतील तर तिचं बाहेर पडणं अडतं. तुझा निकष घेतला तर सवलत उत्पन्नावर द्यावी लागेल, आणि मग कंडक्टरने दाखला तपासायचा का?” यात पाचचं मत खोडलेलं नाही. त्याचा निकष स्वीकारला तर पुढे काय करावं लागेल ते त्याच्यासमोर ठेवलं आहे. तो अजूनही म्हणू शकतो, हो, तपासावा. चालेल. परीक्षकांना एकमत नको असतं, मतभेद कुठे आहे ते गटाला कळलं का, एवढं हवं असतं.

तिसरी जात खोट्या आकड्यांची. दोन क्रमांकाने ठासून एक टक्केवारी सांगितली. ती बहुधा त्याने तिथेच तयार केली होती, कारण नंतर विचारल्यावर त्याला ती कुठली ते सांगता आलं नाही. अशा आकड्यावर वाद घालू नये. तिथे कोणाकडेच पुरावा नसतो आणि वेळ जातो. “हा आकडा मला माहीत नाही. तो याच्या निम्मा असेल तरी आपला निष्कर्ष टिकतो का, ते बघू.” एवढं म्हणून पुढे जावं. आणि आपण स्वतः असा आकडा कधीही बनवू नये. दोन परीक्षकांपैकी एकाला तो विषय माहीत असला तर तिथेच संपतं.

आपलंच म्हणणं कोणी नीट मोडून दाखवलं तर? मग मान्य करायचं, थोडक्यात आणि स्पष्ट: “हे मी धरलं नव्हतं. मग मी माझं मत साध्या बसपुरतं मर्यादित करते.” मुलांना वाटतं हा पराभव आहे. कंपनीत रोज बैठका होतात, आणि पुरावा दिसल्यावरही न हलणाऱ्या माणसाबरोबर काम करणं किती जड जातं हे परीक्षकांना माहीत असतं.

त्या पहिल्या दिवसाची एक गोष्ट माझ्या मनात अजून आहे. सहा क्रमांकाची मुलगी बारा मिनिटांत एकदाही बोलली नाही. मध्ये कोणीतरी “लेट्स हिअर फ्रॉम नंबर सिक्स” म्हणालं, सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं आणि ती आणखी आक्रसली. असं नुसतं बोलावणं उपयोगाचं नसतं, ते केवळ परीक्षकांसाठी केल्यासारखं दिसतं. बोलवायचं तर धरायला प्रश्न द्यावा: “तू रोज एसटीने येतेस ना, तुला काय दिसतं?” सराव संपल्यावर मी तिच्याजवळ बसले. कागदावर काय लिहिलं होतंस, म्हणून विचारलं. ती मराठीत म्हणाली, “मॅडम, आमच्या गावाला शेवटची गाडी साडेपाचला आहे. तिकीट अर्धं झालं, पण लायब्ररीत थांबायचं म्हटलं तर गाडीच नाही. फुकट केलं तरी मी थांबू शकणार नाही.” मी विचारलं, मग बोलली का नाहीस? “हे माझं घरचं आहे. मुद्दा थोडाच आहे?”

त्या खोलीतला सगळ्यांत भक्कम मुद्दा तोच होता. बाकी नऊ जण तिकिटाच्या किमतीवर भांडत होते आणि गाडी आहे का, हे कोणी विचारलंच नव्हतं. गावातून आलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना मी हे कळकळीने सांगते: तुमच्या रोजच्या जगण्यातली नेमकी गोष्ट हा पुरावाच आहे, फक्त ती स्वतःपुरती न ठेवता विषयाला जोडून सांगावी लागते. आम्ही दोघींनी तिचं वाक्य इंग्रजीत बसवलं. चार साधी वाक्यं, एकही जड शब्द नाही. तिने ती बसमध्ये मनात घोळवली.

दुसऱ्या दिवशी आठव्या मिनिटाला तीन आणि आठ पुन्हा पैशावर आले. सहा क्रमांक पुढे झुकली आणि ‘पैसे’ या शब्दावर शिरली: “पैसे दोघांच्याही बोलण्यात आहेत, पण मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. माझ्या गावाला साडेपाचनंतर बस नाही. हेतू जर बायकांनी बाहेर पडावं हा असेल, तर तोच पैसा आधी संध्याकाळच्या फेऱ्यांवर का खर्च करू नये?” आवाज कापत होता. पण दोन्ही बाजूंशी एकाच वेळी मतभेद, कारणासह, आणि सात क्रमांकाने सुरुवातीला विचारलेल्या हेतूशी जोडलेला. खोली दोन सेकंद शांत झाली, आणि मग तीन आणि आठ दोघंही तिच्याशी बोलू लागले. उरलेली चर्चा फेऱ्या की सवलत यावर झाली. शेवटच्या मिनिटात सातने समारोप केला तेव्हा तिने मतभेद लपवले नाहीत. कशावर एकमत झालं, कशावर नाही, दोन्ही सांगितलं आणि स्वतःचा नवा मुद्दा घुसवला नाही. समारोपात एवढंच लागतं.

सरावासाठी शिकवणीवर पैसे खर्च करू नका. सात-आठ जण, एक रिकामी वर्गखोली, विषयाची एक चिठ्ठी आणि रेकॉर्डिंगला लावलेला एक मोबाइल पुरतो. एकाने बाहेर बसून प्रत्येक क्रमांकापुढे दोनच खुणा करायच्या: किती वेळा बोलला, आणि त्यांतल्या किती वेळा आधीच्या कोणाच्या बोलण्याला धरून बोलला. दुसरी संख्या पहिलीच्या निम्मीही नसेल तर तो चर्चा करत नव्हता, भाषण करत होता. संपल्यावर प्रत्येकाने इतर तिघांचे मुद्दे आठवून लिहायचे. लिहिता आले नाहीत तर ऐकणं कमी पडलं, आणि मतभेद भांडणाकडे का जातात तेही तिथेच कळतं. मग रेकॉर्डिंग ऐकायचं. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकवत नाही, तरी शेवटपर्यंत ऐका, आणि दुसऱ्या दिवशी तोच विषय घेऊन पुन्हा बसा. नवीन विषयाची घाई करू नका. तुमच्या गटात सहा क्रमांकासारखं कोणी गप्प बसलेलं असेल, तर त्याच्या कागदावर काय लिहिलंय ते त्या संध्याकाळी जरूर विचारा.